पंचकोनाच्या कर्णात दडलेलं सुवर्ण गुणोत्तर

शंखाच्या फोटोवर सोनेरी वळसा काढलेला आणि खाली ‘१.६१८, निसर्गाची गुप्त संख्या’ असं लिहिलेला मेसेज गेल्या महिन्यात मला तिसऱ्यांदा आला. त्यातला शंख नॉटिलस या समुद्री प्राण्याचा असतो. पण १.६१८ वर, म्हणजे सुवर्ण गुणोत्तरावर, बेतलेला ‘सोनेरी’ वळसा एका पूर्ण फेऱ्यात जवळजवळ सातपट मोठा होतो आणि नॉटिलसचा वळसा साधारण तिप्पट. दोन्ही वळसे एकाच कुळातले, पण संख्या एक नव्हे. मला वाईट वाटतं ते याचं, की ही संख्या जिथे खरोखर आहे, अगदी तंतोतंत आहे, ती आकृती कुणी पाठवत नाही. ती आकृती म्हणजे सुसम पंचकोन. कंपास आणि पट्टी घेतली की दहा मिनिटांत कागदावर उतरते.

१० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. केंद्राला म म्हणू. केंद्रातून एक आडवा आणि एक उभा व्यास काढा. उभ्या व्यासाचं वरचं टोक अ. आडव्या व्यासाच्या उजव्या अर्ध्या भागाचा मध्यबिंदू काढा, तो न. आता कंपासचं टोक न वर ठेवा, पेन्सिल अ पर्यंत उघडा आणि डावीकडे कंस फिरवा. तो आडव्या व्यासाला जिथे छेदेल तो बिंदू प. झालं. अप हे अंतर म्हणजे पंचकोनाची बाजू. तेवढाच कंपास ठेवून अ पासून वर्तुळावर खुणा करत गेलं की पाच उड्यांत परत अ वर येता येतं. शिरोबिंदूंना ओळीने अ, ब, क, ड, इ अशी नावं देऊ.

प्रत्यक्षात पाचवी उडी नेमकी अ वर पडत नाही. कंपास अर्धा मिलिमीटर जास्त उघडला गेला, तरी पाच उड्यांनंतर शेवटची खूण अ च्या जवळपास तीन मिलिमीटर पुढे जाते, कारण प्रत्येक उडीची चूक आधीच्या चुकीत मिसळत जाते. म्हणून आधी नुसत्या फिक्या खुणा कराव्यात. खूण पुढे गेली तर त्या फरकाचा पाचवा भाग कंपासमधून कमी करावा, मागे राहिली तर तेवढाच वाढवावा आणि पुन्हा फिरावं. दुसऱ्या फेरीत बहुतेक जमतं.

आता पट्टीने मोजा. बाजू ११.८ सेंमीच्या किंचित आत येते, कर्ण १९ सेंमी. भागाकार १.६२ च्या आसपास. पण मोजून आलेल्या आकड्यावर थांबायचं नाही. तो तसाच का येतो, हे बघण्यासाठी दोनच कर्ण लागतात.

अक आणि बइ हे कर्ण काढा. ते एकमेकांना छेदतात तो बिंदू छ. पंचकोनाचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा. त्रिकोण अबक मध्ये अब आणि बक सारख्या, म्हणून उरलेले दोन्ही कोन ३६ अंशांचे. त्रिकोण अबइ मध्येही तसंच. म्हणजे छोट्या अबछ त्रिकोणात अ पाशी ३६ आणि ब पाशीही ३६ अंश. हा त्रिकोण मोठ्या अबक शी समरूप झाला.

आता छेदाच्या दुसऱ्या बाजूला, त्रिकोण छबक कडे बघा. ब पाशी १०८ मधून ३६ गेले, उरले ७२. क पाशी ३६. मग छ पाशीही ७२ च. दोन कोन सारखे, म्हणून कछ आणि कब सारख्या. कर्णावरचा कछ हा तुकडा बरोबर पंचकोनाच्या बाजूएवढा! या एका ओळीसाठीच मी हा लेख लिहायला घेतला. आकृतीत कछ आणि कब दोन्ही पेन्सिलीने गडद करा; समानता डोळ्यांना दिसते.

बाजू १ धरली आणि कर्ण x, तर कर्णाचा उरलेला तुकडा अछ म्हणजे x − १. आणि समरूपतेमुळे अछ चं अब शी जे गुणोत्तर, तेच अब चं अक शी. म्हणजे

(x − १) / १ = १ / x

यावरून x² = x + १, आणि x = (१ + √५) / २, म्हणजे १.६१८०३…

रचनेत न हा मध्यबिंदू कशाला हवा होता, तेही आता कळतं. मन ५ सेंमी, मअ १०, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने नअ √१२५, म्हणजे ११.१८. नप तेवढंच. त्यातून ५ वजा केले की मप ६.१८ सेंमी. त्रिज्येला १.६१८ ने भागलं की हेच येतं. कंपासने आपल्याला √५ काढून दिलं! वर्तुळात ३६ अंशांची फोड कापली, तर तिचा त्रिकोण ३६, ७२, ७२ अंशांचा असतो, म्हणजे छबक शी समरूप. छबक मध्ये लांब बाजू १ आणि पाया बछ हा अछ एवढाच, x − १, म्हणजे ०.६१८. म्हणून त्या फोडीची जीवाही ०.६१८ पट त्रिज्या, ६.१८ सेंमी. अशा दहा फोडींनी वर्तुळ भरतं. मप एवढा कंपास घेऊन दहा खुणा केल्या आणि एक सोडून एक जोडल्या, तरी पंचकोनच मिळतो. अप हा त्याचा जवळचा रस्ता. त्यामागचं प्रमेय युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या तेराव्या भागात आहे.

आता पाचही कर्ण काढा. मध्ये उलटा, लहान पंचकोन तयार होतो. त्याचा कर्ण अछ एवढाच भरतो, म्हणजे मोठा कर्ण वजा मोठी बाजू. आणि त्याची बाजू म्हणजे मोठी बाजू वजा अछ. आपल्या वर्तुळात ती साधारण ४.५ सेंमी, त्याच्या आतल्या पंचकोनाची १.७, त्याच्या आतल्याची ०.६५.

समजा असं एखादं माप आहे, कितीही बारीक, की मोठा कर्ण आणि मोठी बाजू दोन्हींत ते पूर्ण संख्येने बसतं. मग त्यांच्या वजाबाकीतही ते पूर्ण संख्येनेच बसेल, म्हणजे आतल्या पंचकोनाचा कर्ण आणि बाजूही त्याने पूर्ण मोजता येतील. त्याच्या आतल्याच्याही, आणि त्याच्याही आतल्याच्या. पण पंचकोन लहान होत होत एक दिवस त्या मापापेक्षाही लहान होईल, आणि त्या लहानशा बाजूत ते माप पूर्ण संख्येने बसणारच नाही. म्हणून असं माप असूच शकत नाही, १.६१८… ही अपरिमेय संख्या आहे. अपरिमेयता पहिल्यांदा याच आकृतीतून लक्षात आली असावी, असा तर्क प्राचीन ग्रीकांचे अभ्यासक कुर्ट फॉन फ्रिट्झ यांनी १९४५ मध्ये मांडला होता. त्याला थेट पुरावा नाही, पण वरच्या युक्तिवादाला दोन वजाबाक्यांपलीकडे काहीच लागत नाही. √२ साठी शाळेत सम-विषम संख्यांचा जो घोळ घालावा लागतो, तो इथे नाही.