मुलाखतीचे शब्दांकन

ध्वनिमुद्रित मुलाखतीतील बोलणे आधी जसेच्या तसे कागदावर उतरवून घेऊन त्याला वाचनीय गद्याचे रूप देण्याची संपादनप्रक्रिया. उतरवून घेण्याच्या टप्प्याला प्रतिलेखन म्हणतात. प्रस्तुत नोंद त्यानंतरच्या टप्प्याविषयी, मुख्यतः मराठी बोलण्याच्या संदर्भात आहे.

मराठीतील या कामाची सुरुवात कोठून मानावी याविषयी एकमत नाही. महानुभाव पंथातील म्हाइंभट्टाने तेराव्या शतकाच्या अखेरीस (बहुधा १२७८ च्या सुमारास) चक्रधरांच्या आठवणी त्यांच्या अनुयायांकडून विचारून घेतल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या आणि त्यांतून लीळाचरित्र सिद्ध केले. याला काही अभ्यासक शब्दांकनाचा पूर्वावतार मानतात. मूळ पोथी परचक्रात नाहीशी झाली व पुढे ती स्मरणाने पुन्हा रचली गेली, अशी परंपरा आहे. एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या आठवणी नंतरच्या पोथ्यांत ‘वासना’ म्हणून शेजारी शेजारी नोंदलेल्या आढळतात. सांगणाऱ्यांतील फरक पुसून न टाकण्याची ही दृष्टी लक्षणीय आहे. तथापि तेथे बोलणाऱ्याची वाक्ये त्याच क्षणी टिपलेली नव्हती, ती स्मरणातून आलेली होती. त्यामुळे आजच्या अर्थाने शब्दांकन ध्वनिमुद्रणानंतरचेच धरणे अधिक सयुक्तिक दिसते. कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या मौखिक इतिहासाच्या प्रकल्पात प्रारंभी टंकलिखित प्रत हाच मूळ दस्तऐवज मानला जाई. मुलाखत देणारा ती प्रत स्वतः दुरुस्त करी आणि ध्वनिफिती पुष्कळदा पुन्हा वापरल्या जात. पुढे हे मत मागे पडले. आता ध्वनिमुद्रण हा मूळ पुरावा आणि शब्दांकन हे त्याचे एक वाचन, असे सामान्यतः मानतात.

शब्दांकनात काय काढावे, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. अडखळणे, एकच शब्द दोनदा येणे, अर्धवट सोडलेली वाक्ये, ‘अं’, ‘ते हे’ यांना सहसा कोणी राखत नाही. अडचण येते ती मराठीतील लहान शब्दांची. ते भरतीचे असतात त्याच रूपात अर्थाचेही असतात. ‘सरपंचानं म्हणे ते पैसे परस्पर वाटून टाकले’ या वाक्यातील ‘म्हणे’ बोलणाऱ्याने स्वतः पाहिले नाही, ऐकले आहे, एवढे सांगतो. तो फालतू समजून काढला की ऐकीव गोष्ट थेट आरोप बनते. ‘म्हणजे’चे तर तीन उपयोग एकाच मुलाखतीत दिसतात. कधी तो नुसता वेळ काढतो, कधी खुलासा करतो (‘आबा, म्हणजे माझे सासरे’), कधी आधीचे विधान सौम्य करतो (‘राग आला, म्हणजे वाईट वाटलं’). पहिला निःशंकपणे जावा. तिसरा गेला तर बोलणारा रागावलेलाही होता आणि खिन्नही होता, असे भलतेच वाचन होते. ‘च’, ‘तर’, ‘बरं का’ यांचेही तसेच. शब्द वगळून वाक्य मोठ्याने वाचावे. ठामपणा, साक्ष किंवा समोरच्याशी असलेले नाते बदलले तर तो शब्द राखावा. हे ठरवताना ध्वनिमुद्रण कानाशी असणे आवश्यक आहे. नुसत्या प्रतिलेखनावरून विराम आणि सूर कळत नाहीत.

पुढील रचलेल्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. प्रतिलेखन असे :

‘मग आता, म्हणजे बघा, बाहत्तरला, बाहत्तरचा दुष्काळ नाही का, तेव्हा आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, ते म्हणले, जनावरं, जनावरं काय ठेवता येणार नाहीत. म्हटलं बरं. तर मग त्यांनी काय केलं, छावणीत… नाही, छावणी नंतर. आधी विकली दोन. गाय राहिली. ती काय विकवेना त्यांच्यानं.’

घाईचा संपादक याचे पुढीलप्रमाणे करतो : ‘१९७२ च्या दुष्काळात माझ्या सासऱ्यांनी दोन जनावरे विकली, मात्र गाय विकली नाही.’ माहिती पुरी वाटते, पण दोन गोष्टी हरवल्या आहेत. ‘विकवेना’ या शक्यभेदी रूपात मन धजावले नाही हा आशय आहे. ‘विकली नाही’ म्हटले की तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटू लागतो. दुसरे, ‘म्हटलं बरं’ हे दोन शब्द त्या घरात सुनेचे मत किती चाले ते सांगतात. ते गेल्यावर बोलणारी बाई आपल्याच आठवणीतून बाहेर पडते.

स्वीकारार्ह रूप असे होईल : ‘बाहत्तरच्या दुष्काळात आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणले, “जनावरं काय ठेवता येणार नाहीत.” म्हटलं, बरं. आधी दोन विकली. छावणी नंतर. गाय राहिली. ती काय विकवेना त्यांच्यानं.’ चुकून तोंडी आलेले ‘छावणीत… नाही’ गेले, कारण तिने स्वतःच ते मागे घेतले. ‘छावणी नंतर’ मात्र तसेच राहिले. छावणी नंतर उघडली, की गाय नंतर छावणीत नेली, हे वाक्यावरून कळत नाही. तेथे ‘झाली’ किंवा ‘नेली’ घालणे म्हणजे तिच्या तोंडी उत्तर घालणे होय. तिलाच विचारता आले तर तिचे उत्तर चौकटी कंसात द्यावे. शेवटच्या वाक्यात ‘त्यांच्यानं’ क्रियापदानंतर आले आहे. लेखी मराठीत क्रियापद शेवटी येते म्हणून ते आत ओढण्याची सवय असते, पण येथे भर ‘विकवेना’वर आहे व तो टिकवणे बरे.

प्रश्न गाळून सलग निवेदन करण्याची रीत मराठी नियतकालिकांत रूढ आहे. तीत निराळा धोका असतो. ‘तेव्हा तुम्हाला राग आला होता का?’ यावर ‘हो, आलाच असणार’ असे उत्तर आले, तर त्याचे ‘मला राग आला होता’ होऊ नये. शब्द प्रश्नकर्त्याचा आहे आणि बोलणारा केवळ अंदाज करतो आहे. अशा ठिकाणी प्रश्न राखावा, नाहीतर ‘राग आलाच असणार’ एवढेच ठेवावे.

रूपांच्या बाबतीत मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांचा आधार मिळतो. पात्राच्या तोंडच्या वाक्यात ‘असं केलं, मी म्हटलं’ आणि एरवी ‘असे केले, मी म्हटले’ अशी विभागणी त्यांत आहे. मुलाखतीतील बोलणाऱ्याला पात्राप्रमाणे गणून पहिली रूपे वापरण्याकडे कल दिसतो. बोलीविशिष्ट उच्चार किती ठेवावेत याबद्दल मतभेद आहेत. ‘म्हणले’ ठेवून ‘व्हतं’ मात्र ‘होतं’ करणे असा मध्यम मार्ग काही संपादक घेतात. मार्ग कोणताही असो, तो सर्वांना सारखा लागू हवा. ग्रामीण बोलणाऱ्याची बोली जशीच्या तशी छापायची आणि शिकलेल्या मुलाखतकाराची अडखळण मात्र गुपचूप साफ करायची, या पद्धतीने वाचकाला दोघांतील अंतर मुळाहून मोठे दिसते. इंग्रजी शब्द बोलणाऱ्याने वापरले असतील तर त्यांना मराठी प्रतिशब्द देऊ नयेत.

छापण्यापूर्वी मजकूर बोलणाऱ्याला वाचून दाखवण्याची प्रथा आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी तो मोठ्याने वाचला जातो. त्या वेळी केलेले बदल निराळे नोंदवून ध्वनिमुद्रण व मूळ प्रतिलेखन यांच्यासह ठेवतात.