जनुक ठणठणीत, तरी अंगठ्याशेजारी जादा बोट

अंगठ्याच्या बाजूला जादा बोट असलेल्या बाळाची जनुकीय तपासणी केली की पुष्कळदा अहवालात 'दोष आढळला नाही' असं येतं. मग नशीब, ग्रहमान, गर्भारपणी आईने काय पाहिलं याच्या गप्पा सुरू होतात. खरं कारण कधीकधी इतकंच असतं, की नेहमीची एक्सोम तपासणी प्रथिनाची कृती लिहिलेला भागच वाचते. तो आपल्या डीएनएचा जेमतेम दोन टक्के. बिघाड असतो त्याच्या बाहेर. (करंगळीच्या बाजूलाही जादा बोट येतं, पण त्याची कारणं वेगळी. इथे फक्त अंगठ्याकडच्या बोटाबद्दल.)

इथे ज्या जनुकाचा प्रश्न आहे त्याचं नाव सॉनिक हेजहॉग. ते सातव्या गुणसूत्रावर असतं. गर्भाचा हात आधी नुसत्या चपट्या कोंबासारखा असतो. त्या कोंबाच्या करंगळीकडच्या कडेला पेशींचा एक छोटा पुंजका हे जनुक चालू करतो आणि तयार झालेलं प्रथिन आजूबाजूला झिरपत जातं. प्रथिन भरपूर आणि दीर्घकाळ मिळालं तिथे करंगळी, कमी मिळालं तिथे मधली बोटं. अंगठा त्याच्याविनाच बनतो. हेच जनुक मेंदू, पाठीचा कणा, फुप्फुसं घडतानाही लागतं. म्हणजे प्रथिन तेच, पण कुठे, कधी आणि किती बनवायचं हे ठरवणारं दुसरं कोणीतरी हवं.

हाताच्या कोंबापुरतं ते काम डीएनएचा सुमारे 800 अक्षरांचा एक तुकडा करतो. त्याला झेडआरएस म्हणतात. जनुक चालू करायला लावणाऱ्या अशा तुकड्याला एन्हान्सर किंवा वर्धक म्हणतात. गंमत म्हणजे हा तुकडा सॉनिक हेजहॉगपासून जवळजवळ दहा लाख अक्षरं दूर, एलएमबीआर1 नावाच्या भलत्याच जनुकाच्या पाचव्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनाच्या कृतीत न येणाऱ्या भागात, बसलेला आहे. 2005 मध्ये जपानी संशोधकांनी उंदरातून नेमका तेवढाच तुकडा कापून टाकला. पिल्लांचे पंजे घडलेच नाहीत, बाकी शरीर मात्र व्यवस्थित.

हा तुकडा वाचतात ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिनं. यातल्या ईटीएस कुळातल्या प्रथिनांना GGAA ही चार अक्षरं हवी असतात. आता ढोबळ गणित करू. अक्षरं चार, म्हणून ठरावीक चार अक्षरांची जुळणी 256 जागांमागे एकदा योगायोगानेच सापडेल. डीएनएला दोन धागे, म्हणजे 128 मागे एकदा. तीन अब्ज अक्षरांच्या जीनोममध्ये अशा दोन कोटींहून जास्त जागा निघतात. प्रत्येक जागेने जनुक चालू केलं असतं तर गोंधळच माजला असता. तसं होत नाही, कारण बहुतेक जागा डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या हिस्टोन प्रथिनांमुळे झाकलेल्या असतात. शिवाय एकटीदुकटी जागा पुरत नाही. झेडआरएसमध्ये ईटीएसच्या अनेक जागा आहेत, शेजारी हॅण्ड2 आणि हॉक्सडी13 या प्रथिनांच्याही आहेत. यातल्या काही प्रथिनांचा वावर ठरावीक पेशींपुरताच असतो. सगळी एकत्र येतात ती करंगळीकडच्या पेशींत, आणि तिथेच एन्हान्सर जागा होतो.

GGAA च्या दोन्ही बाजूंची अक्षरं पकड किती घट्ट हे ठरवतात. इथे स्वाभाविक अंदाज चुकतो. पकड जितकी घट्ट तितका एन्हान्सर चांगला, असं वाटेल. पण झेडआरएसमधल्या ईटीएस-ए नावाच्या जागेची पकड मुळातच ढिली आहे, सर्वोत्तम जागेच्या जेमतेम 15 टक्के. काही कुटुंबांत तिथलं एकच अक्षर बदललेलं आहे आणि पकड 25 टक्क्यांच्या आसपास गेली आहे. तेवढ्यानेच अंगठ्याकडे जादा बोट येतं! हे काम 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. संशोधकांनी उंदरात मुद्दाम वेगळं अक्षर बदलून पकड तितकीच वाढवली, तरी तेच झालं. आणखी घट्ट केल्यावर परिणाम जास्त गंभीर झाला. म्हणजे महत्त्व अमुक अक्षराला नाही, पकडीला आहे. अंगठ्याकडच्या पेशींतही ईटीएस प्रथिनं थोडीफार असतातच. ढिल्या जागेला ती पुरत नाहीत, घट्ट जागेला पुरतात, आणि जनुक नको तिथे चालू होतं.

जनुक बंद ठेवायला लावणाऱ्या भागाला सायलेन्सर म्हणतात. एन्हान्सर आणि सायलेन्सर हे वेगवेगळ्या जातीचे तुकडे असतात अशी समजूत पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांमुळे होते. झेडआरएस ती खोटी ठरवतो. ईटीएस कुळातलीच ईटीव्ही4 आणि ईटीव्ही5 ही प्रथिनं याच तुकड्यावर आपापल्या जागी बसतात आणि अंगठ्याकडे जनुक दाबून ठेवतात. उंदराच्या कोंबातून ती दोन्ही काढली की अंगठ्याकडे सॉनिक हेजहॉग चालू होतं आणि जादा बोटं फुटतात. एकच तुकडा, एका कडेला वर्धक आणि दुसऱ्या कडेला दाबणारा. भूमिका कोण येऊन बसलंय त्यावर ठरते.

राहिला अंतराचा प्रश्न. दहा लाख अक्षरांचा डीएनए ताणून सरळ केला तर साधारण 0.34 मिलिमीटर भरेल, आणि पेशीकेंद्रक असतं जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं. त्यामुळे डीएनए घड्या घालूनच राहतो. कोहेसिन नावाचं कड्यासारखं प्रथिन धाग्याचा फास ओढत ओढत मोठा करतं आणि सीटीसीएफ हे प्रथिन जिथे बसलेलं असेल तिथे अडतं. झेडआरएस आणि सॉनिक हेजहॉग अशाच एका फासाच्या दोन टोकांजवळ आहेत, म्हणून लांब असूनही ती एकमेकांजवळ येतात. पण फास म्हणजेच सगळं, असंही नाही. या फासाच्या सीटीसीएफच्या जागा उंदरात खोडल्या तेव्हा जनुकाचं उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं, तरी पंजे नीट घडले. झेडआरएस आधीच अशक्त करून मग त्या जागा खोडल्या, तेव्हा मात्र बोटं कमी झाली.

तपासणीत याचा अर्थ असा, की अंगठ्याकडे जादा बोट किंवा दोनाऐवजी तीन पेरांचा अंगठा कुटुंबात पिढ्यानपिढ्या दिसत असेल तर एक्सोमवर थांबू नये. झेडआरएसची 800 अक्षरं वेगळी वाचून घ्यावीत आणि त्याच्या प्रती मोजाव्यात. कारण काही कुटुंबांत अक्षर एकही बदललेलं नसतं, सगळा तुकडाच दुप्पट झालेला असतो आणि साध्या अक्षरवाचनात तो निसटतो.

बदललेलं अक्षर सापडलं म्हणजे तेच दोषी, असंही लगेच म्हणता येत नाही. काही अक्षरबदल निरुपद्रवी असतात. खात्रीसाठी तो बदललेला तुकडा, एक्स-गाल हे रसायन मिळालं की निळा रंग आणणाऱ्या लॅकझेड या जनुकापुढे जोडून उंदराच्या गर्भात घालतात. तुकडा जीनोममध्ये कुठेही शिरू दिला तर शेजारच्या जनुकांच्या प्रभावाने भलतीकडेच रंग दिसतो, म्हणून तो नेमून दिलेल्या एकाच जागी बसवतात. साडेअकराव्या दिवशी गर्भ एक्स-गालच्या द्रावणात ठेवला की जिथे एन्हान्सर जागा आहे तिथे निळा रंग चढतो. मूळ तुकड्याने पंजाच्या कोंबावर एकच निळा ठिपका येतो, करंगळीकडे. दोषी तुकडा असेल तर दुसरा, फिकटसा, अंगठ्याकडे.