सत्तावीस इंच आणि पन्नास सेंटिमीटर

भाचीने अभ्यासाच्या टेबलासाठी २७ इंची फुल एचडी मॉनिटर घेतला आणि आठवडाभरात तक्रार सुरू केली, "मामा, अक्षरं दातेरी दिसतात." मी आधी टेप काढली. टेबल फक्त ५० सेंटिमीटर खोल. स्टँडच्या मागच्या पायामुळे पडदा भिंतीपासून १४ सेंटिमीटर पुढे आलेला. डोळे टेबलाच्या कडेमागे साधारण १० सेंटिमीटर धरले, तर पडद्यापासूनचं अंतर भरलं ४६ सेंटिमीटर.

चांगली नजर साधारण एक कोनीय मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातले दोन ठिपके वेगळे ओळखते. ४६ सेंटिमीटरवर हे होतात सुमारे ०.१३ मिलिमीटर. तिच्या पडद्याचा एक ठिपका मात्र ०.३१ मिलिमीटरचा, दुपटीहून मोठा. दातेरी दिसणारच! त्यातून मराठी मजकूर. 'राष्ट्र'मधला 'ष्ट्र' पाहा: वर शिरोरेखा, मग ष, ट आणि खाली र, सगळं एकावर एक. ब्राउझरमध्ये बऱ्याचदा अक्षराचा आकार १६ ठिपक्यांचा असतो. तेवढ्यात इंग्रजी 'a' आरामात बसतो, 'ष्ट्र'चा मात्र चिखल होतो.

उपाय दोन भागांत झाला. भिंतीला ब्रॅकेट ठोकून पडदा भिंतीपासून पाच सेंटिमीटरवर आणला, म्हणजे डोळ्यांपासून ५५ वर. (मागे ब्रॅकेटची चार भोकं आहेत का, हे मॉनिटर घेण्याआधीच बघा.) आणि मॉनिटर बदलून २७ इंचीच, पण फोर-के, म्हणजे आडवे आणि उभे दुप्पट ठिपके असलेला घेतला. त्याचा ठिपका ०.१६ मिलिमीटर, ५५ सेंटिमीटरवर नजरेच्या मर्यादेइतकाच.

लावल्यावर नवी तक्रार: अक्षरं मुंगीएवढी! तिने रिझोल्यूशन कमी करून १९२० × १०८० केलं. अक्षरं मोठी झाली, पण ज्या ठिपक्यांसाठी पैसे मोजले ते वाया गेले. रिझोल्यूशन पूर्णच ठेवायचं आणि स्केलिंग वाढवायचं. १७५ टक्क्यांवर तेच १६ चं अक्षर २८ ठिपक्यांत काढलं जातं. उंची २४ इंची फुल एचडीवरच्या अक्षराएवढीच, सुमारे ४.४ मिलिमीटर, पण त्याच जागेत ठिपके तिप्पट. 'ष्ट्र'मधला र वेगळा दिसू लागला.

एखादं जुनं सॉफ्टवेअर तेवढं धूसर आणि ब्राउझर स्वच्छ दिसत असेल, तर दोष पडद्याचा नाही. त्या सॉफ्टवेअरला स्केलिंग कळत नाही, म्हणून विंडोज त्याचं चित्र नुसतं ताणून दाखवतं. तिच्या कॉलेजचं एक सॉफ्टवेअर अजून तसंच धूसर आहे.

भिंतीला भोक पाडायची परवानगी नसती, तर मी २७ इंचीचा हट्टच सोडायला लावला असता. ४६ सेंटिमीटरवरून ६० सेंटिमीटर रुंद पडद्याचे कोपरे वाचायला मान फिरवावी लागते. तिथे २४ इंची क्यूएचडी, म्हणजे २५६० × १४४० ठिपक्यांचा पडदा आणि १२५ टक्के स्केलिंग पुरे.