धार्मिक श्रद्धांच्या अपमानाचे कायदे आणि अनुवाद

धर्माचा किंवा धार्मिक श्रद्धांचा अपमान करणे शिक्षेस पात्र ठरवणाऱ्या कायद्यांना मराठीत सरसकट 'ईशनिंदेचे कायदे' म्हटले जाते. भारतापुरते हे नाव फसवे आहे, कारण आपल्याकडे देवाची निंदा हा गुन्हाच नाही. कायदा जपतो त्या एखाद्या समाजघटकाच्या धर्मभावना, आणि त्याही बोलणाऱ्याचा हेतू सिद्ध झाला तरच.

दुष्ट हेतूची अट १९२७ ची आहे. त्या वर्षी लाहोर उच्च न्यायालयाने पैगंबरांवरील एका पुस्तिकेच्या प्रकाशकाला निर्दोष सोडले. दोन समाजांत वैर पसरवण्याचे कलम १५३-अ अशा लिखाणाला लागू होत नाही, असे न्यायालयाचे मत होते. त्यातून उठलेल्या वादळानंतर भारतीय दंड संहितेत कलम २९५-अ आले. धर्मचिकित्सक आणि सुधारक त्यात अडकू नयेत म्हणून अपमान 'जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने' केलेला असावा, अशी दुहेरी अट घातली गेली. रामजीलाल मोदी खटल्यात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले ते या अटीच्या जोरावरच. आता हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हीच दंड संहिता पाकिस्ताननेही वारशात घेतली. तिथे १९८६ मध्ये कलम २९५-क आले. पैगंबरांविषयी अनुदार शब्द, सूचक किंवा आडून बोललेलेसुद्धा, त्यात येतात. हेतूचा उल्लेख कलमात नाही आणि शिक्षा मृत्युदंडापर्यंत आहे. जर्मनीच्या कलम १६६ मध्ये भर वेगळ्याच गोष्टीवर आहे: अपमानाने सार्वजनिक शांतता बिघडण्याजोगी असली पाहिजे. इंग्लंडचा जुना कायदा फक्त ख्रिस्ती धर्माचे रक्षण करत असे. तो २००८ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत असा खटला राज्यघटनेपुढे टिकत नाही.

त्यामुळे 'ब्लास्फेमी' या एका शब्दाला सगळीकडे चालेल असा एकच मराठी प्रतिशब्द देता येत नाही. पाकिस्तानातील बातमीत 'ईशनिंदा' लिहिले की पैगंबरांविषयीचा गुन्हा देवाच्या माथी जातो.

कोल्हापुरात हा प्रश्न आता कागदोपत्रीही येतो. ऑगस्ट २०२५ पासून येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते आणि खालच्या न्यायालयांतील मराठी कागद तेथे इंग्रजीतून वाचले जातात. समजा, एका फिर्यादीत लिहिले आहे: 'याने भर चौकात आमच्या देवाची टिंगल करून आमच्या धार्मिक भावना दुखावल्या.' यातील 'दुखावल्या' हे बोलीतले सैल क्रियापद आहे. कायद्यात मात्र दोन पायऱ्या आहेत. एखाद्याच्या कानावर पडेल असे बोलून त्याच्या भावना मुद्दाम दुखावणे हे न्याय संहितेचे कलम ३०२. त्याची कमाल शिक्षा एक वर्ष. कलम २९९ साठी भावनांवर घोर आघात करण्याचा दुष्ट हेतू लागतो. इंग्रजी कायद्यात पहिल्यासाठी 'वूंड' आणि दुसऱ्यासाठी 'आउटरेज' आहे. अनुवादकाने 'दुखावल्या'चे 'आउटरेज' केले, तर फिर्यादीने न म्हटलेली गोष्ट न्यायाधीशांपुढे जाते.

'टिंगल'ऐवजी 'विटंबना' असेल तर घोळ वाढतो. मराठीत विटंबना शब्दांनीही होते आणि पुतळ्याला काळे फासूनही. दुसऱ्या अर्थाने इंग्रजी केले की पूजास्थान किंवा पवित्र वस्तू भ्रष्ट करण्याचे कलम २९८ डोळ्यांपुढे येते. म्हणून मूळ शब्द देवनागरीतच ठेवून शेजारी त्याचे अर्थ देणे अधिक सुरक्षित. सारांशात असा शब्द गाळणे हा तर उघड धोका.

गाळलेल्या शब्दाने काय होते, ते जकार्तात दिसले. गव्हर्नर बासुकी त्जाहाजा पुर्नामा (अहोक) सप्टेंबर २०१६ मधील भाषणात म्हणाले की लोकांना कुराणातील एक वचन 'वापरून' फसवले जाते. फेसबुकवर पसरलेल्या चित्रफितीच्या मजकुरात 'वापरून' या अर्थाचा 'पाकाई' हा शब्द नव्हता. मग वाचणाऱ्याला वचनच फसवते असे वाटले. प्रचंड मोर्चे निघाले. न्यायालयाने मे २०१७ मध्ये अहोक यांना दोन वर्षांची शिक्षा दिली. शब्द गाळून मजकूर पसरवणाऱ्यालाही त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याखाली शिक्षा झाली.

मराठीतील सर्वांत अवघड जागा भक्तीच्या भाषेत आहे. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते आणि वारकरी त्या टाळावर म्हणतात. अंबाबाईच्या किंवा जोतिबाच्या दारात नवस न फळलेली बाईही देवाला चार शब्द सुनावते. कोल्हापुरात यावर कुणी भुवई उंचावणार नाही. तेच शब्द संदर्भ तोडून इंग्रजीत गेले, तर शिवी तेवढी उरते आणि ती कुणी कुणाला घातली हे वाचकाला कळत नाही. अशा मजकुराबरोबर बोलणारी व्यक्ती, प्रसंग आणि संबोधनाचा सूर सांगणारी टीप जोडावी लागते. कलम २९९ मधला हेतू शेवटी याच गोष्टींवरून ठरतो.