क्रिएटिनिन नॉर्मल, तरी डोस जास्त: वृद्धांच्या गोळ्यांमागचा किडनीचा हिशोब

पाच किंवा त्याहून जास्त औषधं रोज चालू असली की त्याला पॉलिफार्मसी म्हणायचं, असा सर्वसाधारण रिवाज आहे. २०१७ मध्ये एका आढाव्यात या शब्दाच्या १३८ वेगवेगळ्या व्याख्या सापडल्या होत्या. पण गोळ्या मोजून फारसं कळत नाही. सात गोळ्या योग्य डोसमध्ये घेणारे आजोबा ठणठणीत असतात आणि तीनच गोळ्या घेणाऱ्या आजी दिवसभर गुंगीत असतात. खरा प्रश्न असा की चाळिशीत सुरू केलेली गोळी पंचाहत्तरीत शरीरात किती वेळ राहते.

याचं पहिलं ठळक उत्तर १९७५ च्या सुमारास झोपेच्या आणि चिंतेच्या एका प्रसिद्ध औषधाने दिलं. डायझेपामचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला विशीतल्या माणसात साधारण २० तास लागतात, तर ऐंशीच्या घरात ८० ते ९० तास. म्हणजे आज रात्रीची गोळी निम्मी उतरायच्या आत तिच्यावर आणखी तीन गोळ्या पडलेल्या असतात.

तरीही बाजारात येणाऱ्या औषधांच्या चाचण्या बहुतेक तरुण आणि मध्यमवयीन माणसांवरच होत राहिल्या. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये त्याची किंमत मोजावी लागली. सांधेदुखीवरचं बेनॉक्साप्रोफेन हे औषध सर्वांत जास्त घेत होते वृद्ध, आणि त्यांच्याच शरीरातून ते फार हळू बाहेर पडत होतं. यकृत आणि किडनी निकामी होऊन साठच्या आसपास मृत्यूंची नोंद झाल्यावर ते मागे घेतलं गेलं. ज्यांना औषध द्यायचं त्या वयाच्या लोकांवर ते तपासा, हा आग्रह त्यानंतर जोर धरू लागला. १९९१ मध्ये अमेरिकेत वृद्धाश्रमांतल्या रुग्णांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी निघाली. ती पुढे सगळ्याच वृद्धांसाठी वाढवली गेली. मात्र किडनीनुसार डोस कमी करण्याचा स्वतंत्र तक्ता या यादीत यायला २०१५ साल उजाडलं. हा उशीर मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण किडनीचा हिशोब तेव्हा जवळपास चाळीस वर्षं हाताशी होता.

तो हिशोब १९७६ चा, आणि तो उभा आहे क्रिएटिनिनवर, म्हणजे स्नायूंत तयार होणाऱ्या आणि किडनी गाळून टाकते त्या टाकाऊ पदार्थाच्या रक्तातल्या प्रमाणावर. १४० मधून वय वजा करायचं, उत्तराला किलोतल्या वजनाने गुणायचं आणि ७२ गुणिले मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधल्या क्रिएटिनिनने भागायचं. स्त्री असेल तर त्यातून १५ टक्के कमी. किडनी दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तातून क्रिएटिनिन गाळून काढते, याचा अंदाज मिळतो. सूत्र बेतलेलं होतं अडीचशेच्या आसपास रुग्णांवर, आणि ते जवळजवळ सगळे पुरुष. स्त्रियांसाठीचे ते १५ टक्के त्यांच्या मोजमापांतून आलेले नाहीत. त्यांचे स्नायू कमी असतात म्हणून धरलेले आहेत. एवढी उणीव असूनही पुढच्या तीसेक वर्षांत आलेल्या बहुतेक औषधांच्या माहितीपत्रकांत डोसचे टप्पे याच सूत्रावर ठरले.

१९९९ मध्ये नवं सूत्र आलं, २००९ मध्ये आणखी सुधारलेलं, आणि २०२१ मध्ये त्यातून वंशाचा निकष काढून टाकला गेला. किडनीचा आजार ओळखायला ही सूत्रं जास्त अचूक आहेत, यात वाद नाही. लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनखाली ‘ईजीएफआर’ म्हणून छापलेला आकडा याच घराण्यातला. गुंता असा की या सूत्रांना वजन लागत नाही. त्यांचं उत्तर १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाच्या शरीरासाठी असतं, आणि हा १.७३ आला १९२० च्या दशकातल्या पंचवीस वर्षांच्या अमेरिकी माणसांच्या सरासरीवरून. रुग्णांची एकमेकांशी तुलना करायला ते सोयीचं होतं. समोर बसलेल्या आजीला किती मिलिग्रॅम द्यायचं हे ठरवायला मात्र तिचंच शरीर लागतं.

आता एक नमुना हिशोब करून पाहू. वय ७८, वजन ४५ किलो, उंची १४८ सेंटिमीटर, क्रिएटिनिन ०.९. रिपोर्टवर कुठेही लाल खूण नाही. २०२१ च्या सूत्राने ईजीएफआर येतो ६५, म्हणजे ‘साठच्या वर, ठीक’. या आजींच्या शरीराचा पृष्ठभाग साधारण १.३६ चौरस मीटर. त्या मापाने तोच आकडा ५१ वर उतरतो. आणि १९७६ च्या सूत्राने येतो ३७. वय होताना स्नायू झडतात, त्यामुळे क्रिएटिनिन तयारच कमी होतं. किडनीचं काम मंदावलं तरी रक्तातला आकडा चाळिशीतल्यासारखाच दिसतो तो यामुळे.

पायांना मुंग्या येतात म्हणून या आजींना प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ दिलं, असं धरू. हे औषध जवळजवळ सगळं किडनीवाटेच बाहेर जातं, आणि ३० ते ६० च्या टप्प्यात त्याचा दिवसाचा डोस निम्मा करायचा असतो. रिपोर्टवरचा ६५ धरला तर डोस तसाच राहतो. ५१ किंवा ३७ धरला तर तो अर्धा व्हायला हवा. तो झाला नाही, की आठवडाभरात गुंगी, तोल जाणं आणि पावलांवर सूज येते. सुजेसाठी लघवीची गोळी सुरू होते. शरीरातलं पाणी कमी झालं की किडनी आणखी मंदावते आणि प्रीगॅबालिन आणखी साचतं. चक्कर येते म्हणून सिनारिझिन दिलं जातं. ते काही महिने चाललं की हात थरथरू लागतात, चाल जड होते आणि कंपवाताचं निदान होतं. कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल येतं आणि त्यातून बद्धकोष्ठ, लघवी अडणं आणि विसरभोळेपणा. एका गोळीचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी देण्याच्या या साखळीला १९९० च्या दशकात स्वतंत्र नाव मिळालं. ती ओळखायची खूण म्हणजे तारखा. प्रत्येक तक्रार कधी सुरू झाली ते गोळ्यांच्या तारखांशेजारी मांडलं की क्रम आपोआप दिसतो. उलगडतानाही क्रमाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एकेक गोळी करून जावं लागतं. प्रीगॅबालिन तर एकदम बंद करत नाहीत. निदान आठवडाभर घेऊन उतरवतात.

कोणतं सूत्र वापरायचं, हा वाद अजून मिटलेला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने सांगितलं की पंचाहत्तरीपुढचे रुग्ण, स्नायू फार कमी किंवा फार जास्त असलेले रुग्ण आणि रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या, यांच्यासाठी जुनं सूत्रच वापरावं. दुसरी बाजू म्हणते, नवं सूत्र घ्या, फक्त उत्तर रुग्णाच्या शरीराच्या मापावर आणा. मला हा दुसरा मार्ग पटतो, पण छापील माहितीपत्रकं बदलेपर्यंत जुना आकडा काढून पाहण्याला पर्याय नाही. आपल्याकडे लॅबच्या फॉर्मवर वय आणि लिंग विचारतात, वजन बहुधा नाही. त्यामुळे हे गणित दवाखान्यातच करावं लागतं, वजनकाट्यावर त्याच दिवशी उभं करून.

जुन्या सूत्राची मर्यादाही तितकीच खरी आहे. अगदी हडकुळ्या, नव्वदीच्या माणसात ते किडनी आहे त्याहून वाईट दाखवू शकतं. तेवढ्यावर विसंबून रक्त पातळ करणारी गोळी गरजेपेक्षा कमी केली तर गुठळीचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. पायांवर सूज असेल तर काट्यावरचं वजन पाण्याचं असतं आणि उत्तर फुगतं. जुलाब-उलट्यांनी क्रिएटिनिन रोज बदलत असेल, तेव्हा तर कुठलंच सूत्र चालत नाही. स्नायू फार कमी असतील तेव्हा सिस्टॅटिन-सी ही दुसरी रक्ततपासणी काही प्रमाणात मदतीला येते, कारण ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.