नाळेला काहीच लावू नका, हे सांगायची वेळ का आली?

पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि बाळाची नाळ आजीच्या ताब्यात जाते. आजीला तिच्या सासूने सांगितलेलं असतं की नाळ ओली राहिली तर पिकते, म्हणून तिच्यावर काहीतरी दाबावं लागतं. मराठवाड्यातल्या खेड्यांत हे 'काहीतरी' म्हणजे चुलीची राख, हळद आणि तेल, कुंकू, कुठे गोवरीची राख, कुठे शेण. त्यामागचा विचार वेडगळ नव्हता. राख ओल शोषते, हळद जखम भरते, असा रोजचा अनुभव होताच. चूक एवढीच की कापलेली नाळ ही साधी जखम नसते. तिच्यातल्या रक्तवाहिन्या थेट बाळाच्या पोटात जातात आणि पूर्ण बंद व्हायला काही दिवस लागतात.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि गुराढोरांच्या शेणात बीजरूपात वर्षानुवर्षं टिकतात. जिथे हवा पोचत नाही तिथे ते वाढतात, आणि राखेचा किंवा शेणाचा लेप दिलेल्या नाळेच्या मेलेल्या देठाच्या आत हवा पोचत नाही. विळ्याने किंवा न उकळलेल्या ब्लेडने नाळ कापली तर जंतू कापतानाच आत जातात. म्हणून या आजाराची खूण ठरलेली आहे: बाळ पहिले दोन दिवस नीट रडतं, नीट दूध ओढतं. मग तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसादरम्यान, बहुधा आठवड्याभरात, त्याचा जबडा आवळतो, दूध ओढता येत नाही, अंग ताठ होतं, हात लावला तरी झटके येतात. घरात याला बाधा किंवा सटवाईचा कोप म्हटलं जायचं, कारण तोवर नाळ कोणाच्या ध्यानातही नसायची.

हा आजार हटवायला दोन गोष्टी कामी आल्या. एक, गरोदर बाईला धनुर्वाताची लस, म्हणजे आईच्या रक्तातलं संरक्षण बाळाला जन्माआधीच मिळतं. दुसरी, दाईंना शिकवलेल्या पाच स्वच्छता: हात, जागा, ब्लेड, बांधायचा दोरा आणि नाळ. यातली पाचवी सर्वांत अवघड गेली, कारण तिच्यात करण्यासारखं काही नव्हतं, फक्त थांबायचं होतं. २०१५ मध्ये भारतातून आई आणि नवजात बाळाच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. जंतू मात्र मातीत आहेतच, म्हणून लस आणि कोरडी नाळ दोन्ही सोडून चालत नाही.

दवाखान्यांतही हा प्रवास सरळ झाला नाही. काही काळ स्पिरिट, जांभळं औषध हेच लावलं जायचं. स्पिरिटने देठ उलट उशिरा गळतो हे दिसलं. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की दवाखान्यात जन्मलेल्या बाळाची नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवणं पुरे. नवजात बाळांचे मृत्यू जास्त असलेल्या भागात घरी बाळंतपण झालं तर पहिला आठवडा रोज क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावावं, असंही तेव्हा सांगितलं होतं; २०२२ मध्ये हा सल्ला नाळेला शेणासारखं घातक काही लावायची रीत असलेल्या भागांपुरताच ठेवला. क्लोरहेक्सिडिन डोळ्यांत गेलं तर डोळ्याला इजा करतं, म्हणून डोळ्यांच्या थेंबांशेजारी ठेवू नये.

आता अंघोळ. नाळेइतकंच इथे बिघडतं. पाय पसरून बसलेल्या आजीच्या नडग्यांवर बाळ पालथं, तेल, डाळीचं पीठ आणि तांब्यातांब्याने पाणी: या रीतीत देठ रोज भिजतो, घासतो, पीठ बेंबीच्या घडीत अडकतं. जन्मानंतर किमान २४ तास अंघोळ नको. अंगावरचा पांढरा चिकट थर खरवडू नका, तो कातडी सांभाळतो. नाळ गळेपर्यंत पुसून घ्यावं: पंखा बंद, दार लोटलेलं, पाणी कोपराला कोमट लागणारं, एका वेळी एकच अवयव उघडा आणि लगेच कोरडा. मानेखाली एक हात कायम हवा. नाका-कानांत तेल नको, नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. लंगोट किंवा डायपर बेंबीखाली दुमडा.

समजा, बाळ २.८ किलोचं आहे. पहिल्या दिवशी देठ पांढुरका, ओलसर. तिसऱ्या दिवशी वाळून काळपट. सहाव्या दिवशी एका धाग्यावर लटकतोय आणि मुळाशी थोडं पिवळसर चिकट आहे, वास जेमतेम. ही गळण्याची तयारी आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापडाने मूळ पुसा, कोरडं करा, ओढू नका. आठव्या दिवशी गळताना कपड्याला रक्ताचे दोन थेंब लागले तरी चालतं. पण बेंबीभोवतीची कातडी लाल, गरम होऊन लाली पोटावर पसरत असेल, पू किंवा घाण वास असेल, बाळ दूध ओढत नसेल, अंग तापलं किंवा गार पडलं असेल, दाबूनही रक्त थांबत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना. गळल्यावर बेंबीत गुलाबी ओला मांसल कोंब राहिला तर घाई नाही, पण डॉक्टरांना दाखवा. तीन आठवडे उलटूनही नाळ गळली नाही तरी दाखवा.

दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं बाळंतपण मात्र कोपीत झालं, तर गावची आशाताई तिथे पोचत नाही. निघण्याआधीच लसीचे डोस पुरे करून घ्यावेत आणि सामानात नवं, पाकिटबंद ब्लेड व उकळून सुकवलेला दोरा असावा. कोपीच्या आसपास राख आणि शेण हाताशी असतंच.