गोदावरीत गोगलगायी आहेत, मग बिल्हार्झिया का नाही?

समजा, टांझानियात नोकरी करून नाशिकला परतलेल्या एका माणसाच्या मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये शिस्टोसोमा हीमॅटोबियम नावाच्या जंतांच्या जोड्या मुक्कामाला आहेत. त्याला पत्ताही नाही. मादी दररोज अंडी घालते आणि त्यातली काही लघवीवाटे बाहेर पडतात. हा माणूस एके दिवशी गंगापूर धरणाच्या काठावर लघवीला बसला आणि अंडी पाण्यात गेली. आता नाशिकला बिल्हार्झिया, म्हणजेच शिस्टोसोमियासिस, पसरेल का? सिंहस्थाला देशोदेशीचे लोक गंगेत उतरतात, तेव्हा प्रश्न अगदीच फालतू नाही.

पहिली पायरी बिनबोभाट पार पडेल. लघवीतल्या क्षारांमुळे अंडं मिटलेलं राहतं, गोड्या पाण्यात पडलं की फुटतं. आतून केसाळ, पोहणारी अळी बाहेर येते. तिला मिरॅसिडियम म्हणतात. ती काही खात नाही. अंगातली शिदोरी संपेपर्यंत, म्हणजे फार तर एक दिवस, ती जगते, आणि त्यातही पहिले काही तासच तिच्यात जोर असतो. तेवढ्या वेळात तिला गोगलगाय सापडली पाहिजे. माणूस तिच्या काहीच कामाचा नाही. शेजारी कुणी डुंबत असला तरी ती त्याला लागण करू शकत नाही.

गोगलगायींची नाशिकला वाण नाही. धरणाचा फुगवटा, कालवे, शेततळ्यांच्या कडेचं शेवाळ, नांदूरमध्यमेश्वरची दलदल, सगळीकडे त्या आहेत. त्यातली इंडोप्लॅनॉर्बिस एक्सुस्टस ही तर सहज ओळखू येते. तपकिरी शंख, चकलीसारखं सपाट वेटोळं, आकार साधारण 2 सेंटिमीटरपर्यंत. आफ्रिकेत या जंताला आसरा देणाऱ्या ब्युलिनस गोगलगायींची ही नात्याने जवळची. पाणी आटलं तर चिखलात दबा धरून बसते आणि पाऊस आला की पुन्हा वर येते.

तरीही आपल्या अळीचा प्रवास इथेच संपतो. गोगलगायीच्या रक्तात रक्षक पेशी असतात. परका जीव अंगात शिरला की त्या त्याला चहूबाजूंनी वेढून मारतात. ज्या गोगलगायीबरोबर जंताची पिढ्यान्‌पिढ्या उत्क्रांती झाली, तिच्या पेशींना चकवायचं तंत्र त्याला साधलेलं असतं. बाकीच्यांपुढे त्याचं काही चालत नाही. हा मेळ इतका काटेकोर असतो की आफ्रिकेतल्या एका भागातला जंत दुसऱ्या भागातल्या ब्युलिनसमध्येही कधी कधी रुजत नाही. जगातले या रोगाचे दहापैकी नऊ रुग्ण आफ्रिकेत का, याच्या कारणांत ही जोडी अगदी वर आहे. अस्वच्छता आणि उघड्यावरची लघवी आपल्याकडेही कमी नव्हती.

मेळ जुळला तर काय होतं, तेही पाहू. अळी गोगलगायीत शिरली की केस टाकते आणि साध्या पिशवीसारखी होते. त्या पिशवीत आणखी पिशव्या तयार होतात, आणि त्यांच्यात सर्केरिया नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या अळ्या. चार-सहा आठवड्यांनी त्या पाण्यात सुटू लागतात आणि मग रोज शेकड्यांनी, कधी हजारांनी सुटत राहतात. आत शिरलेली अळी एक, बाहेर पडलेल्या हजारो. शिवाय त्या सुटतात कधी, तर ऊन वर आल्यावर, दुपारच्या सुमारास, म्हणजे पोरं पोहायला आणि बाया धुणं धुवायला पाण्यात असतात नेमकं तेव्हा. कातडीला चिकटल्यावर काही मिनिटांत सर्केरिया शेपूट बाहेर टाकून आत शिरते. पाणी प्यावं लागत नाही, गुडघाभर उतरलं तरी पुरे. पुढे जंत शिरांमध्ये वर्षानुवर्षं राहतात. खरी इजा करतात ती बाहेर न पडलेली, मूत्राशयाच्या भिंतीत अडकलेली अंडी.

महाराष्ट्राने या नियमाला एक अपवाद पाहिलेला आहे, आणि माझ्या मते तो शाळेच्या पुस्तकात असायला हवा होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लोकांच्या लघवीतून रक्त जात होतं. मुंबईचे संशोधक गाडगीळ आणि शाह यांनी 1952 साली दाखवून दिलं की हा शिस्टोसोमियासिस आहे आणि तो तिथेच होतोय, कुणी बाहेरून घेऊन आलेला नाही. मग गोगलगाय शोधायला हवी होती. नेहमीच्या मोठ्या शंखवाल्या निर्दोष निघाल्या. संशय स्थिरावला तो फेरिसिया टेन्युइस या जेमतेम काही मिलिमीटरच्या, टोपीच्या आकाराच्या, पाण्यातल्या दगडाला चिकटून बसणाऱ्या गोगलगायीवर. सहज बघणाऱ्याला तो दगडावरचा डागच वाटेल. गिमवीचा रोग आजूबाजूला फैलावला नाही, पण ‘भारतात हे होऊच शकत नाही’ असं म्हणायची सोय मात्र त्याने कायमची काढून घेतली.

गोगलगाय रोगट आहे की नाही, हे शंखावरून कळत नाही. ती एका काचेच्या भांड्यात क्लोरिन नसलेल्या स्वच्छ पाण्यात ठेवायची, दोन-तीन तास दिव्याखाली किंवा उजेडात ठेवायची आणि मग भिंगातून पाणी बघायचं. शिस्टोसोमाच्या कुळातली सर्केरिया असेल तर वळवळणारा ठिपका दिसतो आणि त्याच्या शेपटीला टोकाशी दोन फाटे असतात. नाशिकच्या इंडोप्लॅनॉर्बिसमधून अशी दुफाटी शेपूट दिसली तर घाबरायचं कारण नाही, पण त्या पाण्यात बोट घालू नये. ती बहुधा जनावरांच्या जंताची असेल, कारण ही गोगलगाय माणसाच्या जंताला दाद देत नसली तरी गुरांच्या जंतांना खुशाल सांभाळते.

त्यातला शिस्टोसोमा नेझॅली गाई-बैलांच्या नाकातल्या शिरांत राहतो. नाकात गाठी वाढतात, जनावर घोरल्यासारखा श्वास घेतं आणि नाकातून चिकट स्राव गळतो. अंडी त्या स्रावातच असतात. बैल पाणी प्यायला तोंड खाली घालतो तेव्हा ती थेट गोगलगायींच्या दारात पडतात. या कुळातल्या अळ्या खाचरात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतही शिरतात, तिथेच मरतात आणि दोन-चार दिवस खाजरे पुरळ ठेवून जातात. इगतपुरीकडे भात लावताना पायांना अशी खाज सुटली तर प्रत्येक वेळी खताला दोष देण्यात अर्थ नाही.

गोगलगायी बदलल्या की नकाशा बदलतो, हे सेनेगलने अनुभवलं. सेनेगल नदीच्या मुखाशी 1986 मध्ये दियामा धरण झालं. समुद्राचं खारं पाणी अडलं, उसाला बारमाही कालवे मिळाले आणि गोगलगायी खाणाऱ्या कोळंबीची नदी-खाडीतली ये-जा तुटली. या रोगाच्या आतड्यांतल्या प्रकाराचा जंत सांभाळणाऱ्या बायोम्फॅलेरिया गोगलगायींची चंगळ झाली. दोनच वर्षांत रिशार-तोल गावात आतड्यांच्या शिस्टोसोमियासिसचे रुग्ण दिसू लागले आणि पुढे त्याची मोठी साथ झाली. तिथे योग्य गोगलगाय आधीच थोडीफार होती. आपल्याकडे ती आयात झाली तर काय, हा प्रश्न मत्स्यालयातल्या पाणवनस्पतींबरोबर फिरणाऱ्या गोगलगायींमुळे उरतोच.

त्या टांझानियाहून आलेल्या माणसाचं काय? त्याच्यामुळे शेजाऱ्यांना धोका नाही, पण त्याला स्वतःला आहे. लघवीतून, विशेषतः शेवटच्या थेंबांतून रक्त गेलं तर त्याने डॉक्टरांना आफ्रिकेतल्या तळ्यात पोहल्याचं आठवणीने सांगावं. नाहीतर मुतखड्याच्याच तपासण्या होत राहतील. लघवीचा नमुना सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळेतला द्यावा, कारण अंडी तेव्हा सर्वांत जास्त पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली टोकाला काटा असलेलं अंडं दिसलं की निदान पक्कं. प्राझिक्वांटेल हे औषध पूर्ण वाढलेले जंत मारतं, कोवळ्या जंतांवर मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे नुकत्याच परतलेल्या माणसाला काही आठवड्यांनी, कोवळे जंत मोठे झाल्यावर, डॉक्टर दुसऱ्यांदा तेच औषध देतात.